सातव्या हप्त्यानंतर

भिशी सोडायचं मी मे महिन्यात ठरवलं, तेव्हा माझे सात हप्ते भरून झाले होते. पाच हजारांचा एक, म्हणजे ३५,००० रुपये. माझी चिठ्ठी अजून निघाली नव्हती.

आमची भिशी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीतली. पंधरा बायका, दर महिन्याच्या १० तारखेला काकींच्या सोप्यात जमायचं. सगळे मिळून ७५,००० होतात आणि ज्या बाईची चिठ्ठी निघेल तिनं ते घरी न्यायचे. पहिली भिशी चालवणाऱ्याची, हा आमच्याकडचा जुना रिवाज. त्यामुळं नोव्हेंबरची काकींनी घेतली. डिसेंबरपासून स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घालून काकींच्या नातीनं एकेक उचलायला सुरुवात केली. नाव वाचून झालं की भडंग, चहा, आणि "माझी कवा लागायची?" म्हणून सगळ्यांचा एकदा सुस्कारा. जिची लागली ती पुढंही हप्ते भरत राहते, फक्त तिची चिठ्ठी डब्यात परत जात नाही. पंधराव्या महिन्यात, जानेवारीत, भिशी संपणार होती.

मी घरी ब्लाऊज शिवते. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहे. मार्चपासून त्याचा ओव्हरटाईम बंद झाला आणि हप्त्याचे पाच हजार तिथूनच निघत होते. एप्रिल-मेचे हप्ते मी शिलाईच्या पैशांतून आणि थोडे उसने घेऊन कसेबसे भरले. त्यात मुलाचं जूनमध्ये पॉलिटेक्निक, हॉस्टेलचे २२,००० एकदम भरायचे. माझेच ३५,००० पडून आहेत, ते घेऊया, असा माझा सरळ हिशेब.

काकींकडं गेले, तर त्या भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाल्या, "अगं, पैसे माझ्याजवळ हाईत व्हय? मी काय तिजोरी घेऊन बसलोय?"

मला राग आला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, काकी पैसे दाबायला बघतायत. रात्री वही काढून आकडे मांडले, तेव्हा कळलं की बाई खरं बोलतेय. नोव्हेंबर ते मे दर महिन्याला जमलेले ७५,००० त्याच संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी गेले होते. माझे पाच हजार काकींच्या माळ्यावर, कंडक्टरवहिनींच्या मुलीच्या लग्नात, कुणाच्या गाडीच्या डाऊनपेमेंटमध्ये. भिशीत शिल्लक अशी काही नसतेच. मला आज पैसे हवे असतील तर कुणाला तरी आज खिशातून काढावे लागणार, एवढाच त्याचा अर्थ.

मग दुसरा प्रश्न. मी गेले तर इतरांचं नुकसान किती? गल्लीत सगळ्या तेच धरून बसणार होत्या, म्हणून हे मी दोनदा मांडलं. चौदा जणी राहिल्या तर महिन्याला ७०,००० जमतील. आठ महिने उरलेत, म्हणजे ५,६०,०००. अजून भिशी न लागलेल्या, मला सोडून, सात जणी. त्यांना प्रत्येकी ७५,००० द्यायचे, म्हणजे ५,२५,०००. उरले ३५,०००. बरोबर माझे.

मी बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसले. कुणाचा एक रुपया बुडत नव्हता. फक्त जिची लागेल तिला त्या दिवशी ७०,००० मिळणार आणि राहिलेले पाच हजार शेवटी. कारण पंधराव्या महिन्यात ७०,००० जमतील, पण घ्यायला कुणी नसेल. त्यातले सातजणींचे पाच-पाच हजार असे ३५,००० फिटणार आणि बाकीचे ३५,००० माझे. म्हणजे सोडणाऱ्यानं शेवटपर्यंत थांबायची तयारी ठेवली तर भिशी त्याचे पैसे आपोआप परत करते. पण मला ते जूनमध्ये हवे होते.

थांबायचं नसेल तर माझ्या जागी कुणीतरी यायला हवं. त्यानं मला भरलेले हप्ते द्यायचे, पुढचे स्वतः भरायचे आणि चिठ्ठी त्याच्या नावाची. त्याचा तोटा नाही. उलट बाकीच्या सात महिने थांबल्या, हा आज ३५,००० घालून पुढच्याच महिन्याच्या चिठ्ठीत बसतो.

दोन दिवसांनी वही घेऊन काकींकडं परत गेले. या वेळी त्यांनी चष्मा लावला, स्वतःची डायरी काढली आणि माझ्या नावापुढच्या खुणा मोजल्या. सहा.

"सहाच हाईत बघ. मार्चचा नाही."

पोटात गोळा आला. मार्चमध्ये मी माहेरी गेले होते आणि हप्ता नवऱ्यानं फोनवरून पाठवला होता, काकींच्या मुलाच्या नंबरवर. ना भिशी असा शेरा, ना माझं नाव. काकींच्या मुलाच्या फोनवर दिवसाला दहा पैसे येतात-जातात, दुकान आहे त्याचं. काकी म्हणाल्या, "मी खोटं म्हणत नाही, पण डायरीत नाही ते मी कसं धरू?" त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या.

मला एक सुचलं. मार्चची भिशी शेजारच्या आळीतल्या शिक्षिकाबाईंना लागली होती. त्यांना जाऊन विचारलं, तुम्हाला त्या दिवशी किती मिळाले? पूर्ण ७५,०००, त्यांनी लगेच बँकेत भरले होते. माझा हप्ता आला नसता तर ७०,०००च जमले असते. यावर काकी म्हणाल्या, "मग तुझे मी घातले असतील." तेही होऊ शकतं, काकी अशा घालतात. शेवटी नवऱ्याच्या फोनमधला व्यवहार तारखेसकट काढला, त्याचा क्रमांक काकींच्या मुलाच्या स्टेटमेंटमध्ये शोधला, तेव्हा सातवी खूण पडली. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. त्यानंतर आमच्या घरातून भिशीचा एक रुपया शेऱ्याशिवाय गेलेला नाही.

२५ मेला काकींनी सगळ्यांना बोलावलं. मी सोडतेय हे गल्लीत आधीच पसरलं होतं, त्यामुळं सगळ्या तयारीनं आल्या होत्या. कोपऱ्यावरच्या वहिनींचं म्हणणं, सोडणाऱ्याचा एक हप्ता कापायचाच असतो, त्यांच्या माहेरी कागलला तसंच होतं. मी विचारलं, आपल्याकडं सुरुवातीला असं ठरलं होतं का? सगळ्या काकींकडं बघायला लागल्या. ठरलं नव्हतं. आपल्या भिशीत सोडण्याबद्दल काहीच ठरलं नव्हतं, कारण सोडतं कोण?

तेवढ्यात जानेवारीत भिशी लागलेली एक जण म्हणाली, "मग मी पण सोडतो की. मला पण जमंना झालंय."

सोप्यात एकदम शांतता. हे ऐकूनच काकी माझ्यावर चिडल्या होत्या, असं मला नंतर कळलं. त्यांची भीती माझ्या ३५,०००ची नव्हतीच. मी मात्र वही पुढं केली. म्हटलं, वहिनी, मी पस्तीस भरले आणि शून्य घेतले, भिशी मला देणं लागते. तुम्ही पंच्याहत्तर घेतले आणि पस्तीस भरले, तुम्ही भिशीला चाळीस देणं लागता. तुम्ही सोडलं तर त्याला सोडणं म्हणत नाहीत. त्या गप्प बसल्या. दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत, पण हप्ते वेळेवर आले.

आता माणूस कोण? पूर्ण ३५,००० घालून महिना पाच हजार भरणारी बाई आठ दिवसांत कोल्हापुरात मिळणं अवघडच, कारण ज्याला मोठी रक्कम हवी त्याच्याकडं पस्तीस हजार रोख नसतात आणि ज्याच्याकडं असतात त्याला भिशी कशाला हवी? पिठाच्या गिरणीवाल्या मावशींनी आपल्या नणंदेचं नाव काढलं. राजारामपुरीत कॉलेजच्या पोरांना डबे देते, मोठा फ्रीज घ्यायचाय, पण महिना अडीचच्या वर तिला झेपणार नाही.

कंडक्टरवहिनी म्हणाल्या, "मग अर्धी दे की तिला."

अर्धी भिशी आमच्याकडं नवी नाही. दोघी मिळून एक नाव घेतात, लागली की निम्मी-निम्मी. इथं फरक इतकाच की दुसरी निम्मी कुणाचीच नसणार. डबेवालीनं मला १७,५०० द्यायचे, पुढं महिना २,५०० भरायचे आणि तिची चिठ्ठी निघाली की तिला ३७,५००. माझे राहिलेले १७,५०० भिशीकडं बाकी.

मी तिथंच, सगळ्यांसमोर, परत आकडे मांडले. महिन्याला आता ७२,५०० जमणार. पूर्ण भिशी असणाऱ्या सातजणींपैकी कुणाची लागली की तिला २,५०० कमी पडणार. पण ज्या महिन्यात डबेवालीची अर्धी चिठ्ठी निघेल, त्या महिन्यात ७२,५०० मधून तिला फक्त ३७,५०० द्यायचे आणि ३५,००० उरणार. त्यात सातजणींचे कमी पडलेले अडीच-अडीच हजार, म्हणजे १७,५००, आणि माझे १७,५००. म्हणजे मला जानेवारीपर्यंत थांबायची गरज नव्हती, ती अर्धी चिठ्ठी निघेपर्यंतच थांबायचं होतं. शिक्षिकाबाईंनी वही हातात घेऊन स्वतः बेरीज केली आणि म्हणाल्या, बरोबर आहे. त्यांनी म्हटल्यावर सगळ्यांना ते बरोबर वाटलं. माझी वही, पण पटलं त्यांच्यामुळं. असो.

पण तोपर्यंत कमी पडणारे २,५०० कोण घालणार? ज्यांची अजून लागायची होती त्या म्हणाल्या, आम्ही का कमी घ्यायचं? आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. सगळ्यांचे डोळे परत काकींकडं. मी बोलले नाही. कंडक्टरवहिनींनीच म्हटलं, "काकी, पहिली तुम्ही घेतलीया ती कशासाठी?" काकी बराच वेळ सुपारी कातरत बसल्या. मग म्हणाल्या, "घालतो. पण तिची चिठ्ठी निघाली की माझं आधी." वाईटात वाईट ती चिठ्ठी शेवटी निघाली असती, तर काकींचे १७,५०० जानेवारीपर्यंत अडकले असते आणि माझेही तेवढेच. दोघींना सारखाच धोका, म्हणून मला ते पटलं.

एक गोष्ट मी धरून बसले: डबेवालीला जामीन. ती जूनमध्येच भिशी उचलून बसली आणि नंतर हप्ते थांबवले तर? पहिला फटका काकींना, आणि मग माझ्या बाकीवर वाद. गिरणीवाल्या मावशींनी जामीन घेतला. नणंदेच्या बाबतीत एवढी खात्री ठेवणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

माझा चुलत दीर कसबा बावड्याच्या कोर्टात एका वकिलांकडं कारकून आहे. त्याला फोनवर विचारलं होतं, काही नोटीस वगैरे देता येते का? तो हसला. १९८२च्या चिट फंड कायद्याप्रमाणं चालणाऱ्या भिशीला आधी सरकारची परवानगी आणि नोंदणी लागते. तिथं हप्ते थकवणाऱ्याच्या जागी दुसरा घेतला तर आधीच्याच्या पैशांचं काय करायचं, हेसुद्धा लिहून ठेवलंय. तुमची गल्लीतली, तिला कागदच नाही. नोटीस पाठवलीस तर काकी पहिल्यांदा म्हणतील, कसली भिशी? त्यानं एकच सल्ला दिला. बाकी राहणारी रक्कम कबूल केल्याचं लिहून, सही घेऊन ठेव. उसन्या पैशांचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो आणि त्या मुदतीत सहीनिशी कबुली असली की मुदत तिथून नव्यानं मोजतात. कोर्टात जायला नव्हे, म्हणाला, कागद असला की जायची वेळ येत नाही.

म्हणून कागद केला. वहीचं एक पान, मजकूर शिक्षिकाबाईंच्या अक्षरात. मी नोव्हेंबर ते मे सात हप्त्यांचे ३५,००० भरले, मला भिशी लागलेली नाही. त्यापैकी निम्म्या भागाचे पैसे डबेवालीकडून आज मिळाले आणि तो भाग तिचा झाला. उरलेले १७,५०० तिची चिठ्ठी निघेल त्या दिवशी, आणि नाहीच निघाली तर भिशीच्या शेवटच्या दिवशी, काकींनी द्यायचे. पुढचा कुठलाही हप्ता माझ्याकडं मागायचा नाही. खाली काकी, मी, डबेवाली, जामीन म्हणून मावशी आणि दोन साक्षीदार. एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही. दोन प्रती. काकी सही करताना म्हणाल्या, "एवढं लिहून घेतोस, मी काय कुठं पळून जातोय व्हय?" मी म्हटलं, काकी, मार्चचा हप्ता आठवा.

डबेवालीनं १७,५०० ऐवजी १७,००० दिले. म्हणाली, ताई, पाचशे सोडा, सात महिने काही न मिळवता एकदम घालतोय मी. खरं तर मिळवायचं ते तिलाच होतं, पण शनिवारी मुलाची फी भरायची होती आणि माझ्यात ताणायचं बळ नव्हतं. पाचशे सोडले. पैसे मात्र काकींच्या हातून न घेता तिच्याकडून थेट, सगळ्यांसमोर मोजून घेतले. हॉस्टेलला पाच हजार कमी पडत होते, ते भावानं दिले.

१० जूनला मी मुद्दाम गेले, सभासद नसताना. काकींच्या नातीनं डब्यात हात घालायच्या आधी म्हटलं, चिठ्ठ्या एकदा उघडून बघूया. माझ्या नावाची चिठ्ठी तशीच होती! कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ती निघाली असती तर काय झालं असतं कोण जाणे, मला ७५,००० मिळाल्याचं काकींच्या डायरीत चढलं असतं आणि परत दोन संध्याकाळी. चिठ्ठी फाडली, डबेवालीच्या नावाची लिहिली, कोपऱ्यात 'अर्धी'.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ती निघाली नाही. काकींनी चार वेळा अडीच हजार घातले आणि चारही वेळा ते मला ऐकू जाईल असं बोलल्या. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, नातीनं चिठ्ठी उघडून 'अर्धी' वाचलं आणि पहिल्यांदा काकीच हसल्या. त्या दिवशी ७२,५०० जमले. डबेवालीला ३७,५००, काकींचे १०,०००, माझे १७,५००. राहिले ७,५००, पुढच्या तीन भिश्यांना कमी पडायचे. ते काकींनी पाकिटात घालून देवघराच्या फळीवर ठेवले. दोन्ही प्रतींवर मी 'पूर्ण मिळाले' लिहून तारीख घातली, सही केली. काकी त्यांची प्रत फाडायला निघाल्या होत्या, मी म्हटलं, जानेवारीपर्यंत ठेवा.

जानेवारीत शेवटची चिठ्ठी काढायची गरजच नसते, एकच उरलेली असते. ती कोपऱ्यावरच्या वहिनींची होती, एक हप्ता कापा म्हणणाऱ्या. मी शिलाईचे ब्लाऊज द्यायच्या निमित्तानं गेले होते. काकींनी ७२,५०० मोजून दिले, फळीवरचं पाकीट काढलं, त्यातले शेवटचे २,५०० त्यावर ठेवले. वहिनींनी दोनदा मोजले आणि पंच्याहत्तर भरले म्हणून मान हलवली.